बेंगळुरूतील रिक्षाचे भाडे: रात्री दहानंतरचा हिशेब आणि तक्रारीसाठी लागणाऱ्या नोंदी

बेंगळुरूत रिक्षाचे सुधारित दर 1 ऑगस्ट 2025 पासून लागू आहेत. पहिल्या दोन किलोमीटरसाठी किमान भाडे 36 रुपये असून त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला 18 रुपये आकारले जातात. नोकरी-शिक्षणासाठी तिथे गेलेली आपली मंडळी अडतात ती मुख्यतः रात्रीच्या दरापाशी. मुंबई-पुण्यात रात्रीचा दर मध्यरात्री बाराला सुरू होतो आणि तो सव्वापट असतो. बेंगळुरूत मात्र तो रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत असतो आणि दीडपट असतो. त्यामुळे पावणेअकराला दीडपट भाडे मागणारा चालक लुबाडतो आहे असे वाटून केलेली तक्रार टिकत नाही, आणि मनस्ताप तेवढा पदरी पडतो.

समजा, रात्री 10.40 ला तुम्ही रिक्षात बसलात, सात किलोमीटर प्रवास केला आणि वाटेत औषधांच्या दुकानापाशी रिक्षा वीस मिनिटे थांबवून ठेवली. किमान भाड्यात पहिले दोन किलोमीटर आलेले असल्यामुळे उरलेल्या पाचांचेच 90 रुपये धरायचे, म्हणजे नेहमीचे भाडे 126 रुपये होते. इथेच मोठी चूक होते: 36 रुपयांत पुन्हा सातही किलोमीटर मिळवले, तर आकडा 162 वर जातो. पडताळा सोपा आहे. 36 हे 18 ची दुप्पट असल्याने, प्रवास दोन किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर एकूण अंतराला सरळ 18 ने गुणावे.

या 126 रुपयांत रात्रीचे निम्मे, म्हणजे 63 रुपये मिळवले की 189 होतात. थांबण्याची पहिली पाच मिनिटे मोफत असून पुढच्या पंधरा मिनिटांना 10 रुपये पडतात. हा आकार शेवटी, वेगळा मिळवावा. निम्मी वाढ नेहमीच्या भाड्यावर असते. एकूण देणे 199 रुपये.

मीटर सुरू होताच त्यावर 30 दिसले, तर तो जुन्या दरावरच आहे, असे समजावे. नव्या दराप्रमाणे मीटर पडताळून शिक्का घेण्याची मुदत 31 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आहे.

तक्रारीसाठी पावती जोडावी म्हटले, तर ती बहुतेकांकडे नसतेच, आणि ती नाही म्हणून सामान्य प्रवाशाने हात टेकावेत हे मला मुळीच पटत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी मीटरचा आणि चालकाच्या आसनामागील माहितीपत्राचा फोटो घ्यावा, वाहन क्रमांक लिहून ठेवावा, आणि बसण्याची, थांबण्याची व पुन्हा निघण्याची वेळ त्याच क्षणी मोबाइलवर टिपावी. थांबण्याच्या वेळेची नोंद दुसऱ्या कोणाकडेच नसते. तक्रार वाहतूक पोलिसांकडे किंवा प्रादेशिक परिवहन कार्यालयात करताना ‘जास्त पैसे घेतले’ एवढेच लिहू नये. वरच्यासारखा हिशेब मांडून किती व्हायला हवे होते आणि किती घेतले, हे दोन्ही आकडे द्यावेत.