तगादा वेगळा, मुदतीची नोटीस वेगळी: कंत्राटदाराने अर्धवट सोडलेल्या कामासाठी

"नोटीस कधीच दिली हो, रोज मेसेज करतोय त्याला." घराचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार गायब झाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मोबाइल बघायला मागितला तर त्यात काय असतं? "दादा, कधी येताय?", "गणपतीच्या आधी संपवा हो", "आता खूप झालं, कायदेशीर कारवाई करीन". हा सगळा तगादा आहे. यातल्या एकाही मेसेजला मुदतीची नोटीस म्हणता येत नाही, आणि या गोंधळापायी लोकांचे हक्काचे पैसे अडकतात.

तगादा कसा लावायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. नोटीस वकिलाच्या लेटरहेडवरच हवी का? नाही, साध्या कागदावर तुमच्या सहीने चालते. इंग्रजीतच हवी का? मुळीच नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा आणि तोच कागद पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. हे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक तारखेत आहे. तगाद्यात तारीख सरकत राहते. नोटिशीत ती एकदाच ठरते, आणि ती उलटल्यावर काय होणार हे आधीच लिहिलेलं असतं.

हे इतकं महत्त्वाचं का, ते भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 मध्ये आहे. ठरलेल्या वेळेत काम झालं नाही, आणि वेळ हाच कराराचा गाभा असेल, म्हणजे ठरलेली तारीख पाळणं हीच कराराची मुख्य अट असेल, तर तुम्ही करार रद्द करू शकता. वेळ हा गाभा नसेल, तर उशिराची भरपाई मागता येते, पण उशीर झाला एवढ्यावरून करार मोडता येत नाही. बांधकामाच्या बाबतीत न्यायालयं सहसा वेळेला गाभा मानत नाहीत, विशेषतः मुदतवाढीची किंवा उशिराच्या दंडाची अट करारात असेल तर. कोटेशनवर 'कालावधी 60 दिवस' लिहिलंय म्हणून 61 व्या दिवशी कंत्राटदाराला हाकलता येईल असं समजू नका.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1979 चा निकाल आहे, हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य. काम होतं नाशिककडच्या एका कालव्यावरच्या जलसेतूचं आणि करारात मुदत होती 12 महिने. ती उलटल्यावर सरकारने करार रद्द केला. न्यायालयाने हे रद्द करणं चुकीचं ठरवलं: वेळ गाभा नव्हती, आणि नवी मुदत ठरवून "एवढ्यात काम संपवा" असं न सांगताच करार मोडला होता. ही चूक सरकारी खात्याला भोवली. आपल्या तीन खोल्यांच्या घरात तीच चूक रोज होते. जुनी मुदत उलटून गेली असली आणि मध्ये तुम्ही "चालेल, पुढच्या आठवड्यात या" म्हणत राहिला असलात, तर आधी वाजवी नवी मुदत द्यायची आणि ही मुदत आता अंतिम आहे असं लिहायचं. वेळेला गाभा बनवते ती ही नोटीस. महिनोन्‌महिने केलेला तगादा उलट दाखवतो, की तुम्हाला उशीर चालत होता.

कलम 55 चा शेवटचा परिच्छेद तर फार थोडे लोक वाचतात. करार रद्द करण्याचा हक्क असूनही तुम्ही उशिरा केलेलं काम स्वीकारलंत, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर काम स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. बहुतेक जण घसरतात ते इथे. नोटीस गेल्यावर चौथ्या दिवशी दोन कारागीर येतात, अर्धा दिवस टाइल्स कापतात आणि जातात. संध्याकाळी कंत्राटदाराचा मेसेज येतो: "काम चालू केलंय मॅडम, माल आणायला पन्नास हजार टाका." तुम्ही खूश होऊन "ठीक आहे" लिहिता आणि पैसे टाकता. इतक्या मेहनतीने बांधलेली तारीख तुम्ही स्वतःच सैल केली. त्याऐवजी असं उत्तर द्या: "आज दोन कारागीर आले आणि चार तास काम केलं, याची नोंद घेतली आहे. यामुळे नोटिशीतली मुदत बदललेली नाही. उशिराच्या भरपाईचा माझा हक्क कायम आहे. काम पूर्ण होईपर्यंत आणखी रक्कम दिली जाणार नाही." चार वाक्यं, पण ती त्याच दिवशी गेली पाहिजेत.

वाजवी मुदत म्हणजे किती? उरलेल्या कामावरून मोजा, रागावरून नको. कारखान्यात बनणाऱ्या किचन ट्रॉल्या बाकी असतील तर सात दिवसांची नोटीस म्हणजे मुदत न दिल्यासारखंच. "तात्काळ" आणि "लवकरात लवकर" हे शब्द तर नोटिशीतून हद्दपारच करावेत. त्यांना तारीख नसते, म्हणून ते कधी मोडतही नाहीत.

एक नमुना धरू. दोन बाथरूम, किचन, वायरिंग आणि रंग मिळून कोटेशन 6,40,000 रुपयांचं. दिलेले पैसे 5,12,000. काम थांबलंय. कोटेशनच्या प्रत्येक ओळीसमोर झालेल्या कामाची किंमत मांडायची. तोडफोड आणि राडारोडा उचलणं 40,000, पूर्ण. बाथरूमची ओळ 1,60,000 ची. एक बाथरूम पूर्ण, दुसऱ्यात फक्त ब्रिकबॅट कोबा आणि वॉटरप्रूफिंग, म्हणून 1,05,000. ओटा आणि टाइल्स 1,20,000. ग्रॅनाइट बसलंय, डॅडो म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स बाकी, म्हणून 90,000. वायरिंग 60,000; तारा ओढल्यात, स्विचबोर्ड नाहीत, म्हणून 40,000. ट्रॉल्यांचे 1,80,000 आणि रंगाचे 80,000, दोन्हीकडे शून्य. झालेलं काम एकूण 2,75,000. दिलेल्या 5,12,000 मधून हे वजा केलं की परताव्याची रक्कम येते: 2,37,000.

"पाच लाख बारा हजार सगळे परत द्या" असं लिहू नका. झालेलं काम तुम्ही वापरणार आहात आणि त्याची किंमत द्यावीच लागणार. फुगवलेला आकडा दिसला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. उरलेल्या कामाला दुसरा कंत्राटदार जास्त मागत असेल, तर ती वेगळी गोष्ट. आपल्या नमुन्यात उरलेलं काम जुन्या दराने 3,65,000 चं आहे. नवा माणूस 4,30,000 म्हणाला, तर वरचे 65,000 ही करार कायद्याच्या कलम 73 खालची नुकसानभरपाई. ती परताव्यात मिसळू नका, खाली स्वतंत्र ओळीत मागा आणि दोन लेखी कोटेशनं जोडा. नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय करू शकला असता हेही ते कलम बघतं. त्यामुळे जुन्या कोटेशनमध्ये साधे नळ असताना नव्यात महागडे टाकून फरक मागू नका.

हे आकडे उभे राहतात नोंदींवर, आणि नोंद म्हणजे गॅलरीतले दोनशे सुटे फोटो नव्हेत. कोटेशनच्या ओळींना क्रमांक द्या. प्रत्येक ओळीसाठी आधी दारातून अख्ख्या खोलीचा फोटो, मग जवळून एक, आणि जवळच्या फोटोत मोजपट्टी व त्या ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसू द्या. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. फोटोवर तारीख उमटवणाऱ्या अ‍ॅपवर माझा भरवसा नाही, कारण ती तारीख कुणीही बदलू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून ज्या फोनवर फोटो आणि चॅट आहेत तो विकू नका, चॅटही पुसू नका. पडून असलेल्या मालाचीही यादी करा: टाइल्सचे किती बॉक्स, सिमेंटच्या किती गोण्या, कुणाच्या पैशाच्या.

पाहणीला कंत्राटदाराला लेखी बोलवा, दिवस आणि वेळ देऊन. आला तर यादीवर त्याची सही घ्या. आला नाही तर सोसायटीचे सेक्रेटरी आणि एखादे शेजारी यांच्या सह्या घ्या, आणि बोलावूनही तो आला नाही हे यादीतच लिहा. रोख दिलेले पैसे असतील तर तारीख आणि रक्कम नोटिशीत स्पष्ट मांडा.

आता नोटिशीचा मुख्य भाग. "काम पूर्ण करा किंवा पैसे परत द्या" असं मोघम लिहिलं की निवड कुणाची आणि कधी, हेच कळत नाही. क्रम लावा:

"सोबतच्या यादीतलं काम 10 मार्चपर्यंत सुरू करून 31 मार्चला संध्याकाळी 6 पर्यंत पूर्ण करावं. ही मुदत अंतिम असून वेळ हा या कराराचा गाभा समजावा. या मुदतीत काम पूर्ण न झाल्यास करार माझ्याकडून रद्द झाला असं समजावं आणि 2,37,000 रुपये 7 एप्रिलपर्यंत माझ्या खात्यात जमा करावेत. उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा जादा खर्च मी वेगळा मागेन."

31 मार्च उलटला की 1 एप्रिलला कारागीर दारात उभे राहिले तरी आत घेऊ नका. घ्यायचंच असेल तर आधी नवी तारीख लेखी ठरवा आणि भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचं त्यातच नमूद करा. नव्या कंत्राटदाराने हातोडा लावण्याआधी पाहणी आणि फोटो पुन्हा एकदा पूर्ण करा, कारण त्याने टाइल लावली की जुन्याने काय सोडलं होतं हे दाखवायला काही उरत नाही.

7 एप्रिललाही पैसे आले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. घर तुमच्या राहण्याचं असेल तर तुम्ही ग्राहक आहात. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आपल्या नमुन्यात तो 5,12,000 आहे, म्हणजे थोडं शुल्क पडेल. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि नंतर पाठवलेल्या मेसेजांनी, स्मरणपत्रांनी ती वाढत नाही.