बारनिशी ते साप्ताहिक गोषवारा: नगरपरिषदेतील परिपत्रकांच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील नगरपरिषदेच्या कार्यालयात येणारा शासनाचा प्रत्येक कागद आधी बारनिशीत जातो. तेथे त्याला आवक क्रमांक मिळतो, पाठवणाऱ्या कार्यालयाचे नाव, दिनांक आणि विषय नोंदवहीत चढतो, आणि मुख्याधिकाऱ्यांनी टपाल पाहून समासात लिहिलेल्या शेऱ्यानुसार तो लेखा, आस्थापना, कर, बांधकाम, पाणीपुरवठा किंवा आरोग्य शाखेकडे उतरतो. कागद टपालाने, एकाच प्रतीत आणि बहुधा एकाच शाखेसाठी येत होता, तोवर ही व्यवस्था पुरेशी होती. विभागवारी आणि तातडी या दोन्ही गोष्टी मुख्याधिकाऱ्यांच्या त्या एका शेऱ्यात सामावलेल्या असत.

शाखेत पोहोचल्यानंतरची सोय कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत वाटून ठेवणाऱ्या सहा गठ्ठे पद्धतीने लावून दिली होती. त्या गठ्ठ्यांपैकी स्थायी आदेश संचिकेचा गठ्ठा आजच्या साप्ताहिक गोषवाऱ्याचा, म्हणजे आठवड्यात आलेली परिपत्रके शाखा आणि तातडीनुसार थोडक्यात मांडणाऱ्या यादीचा, पूर्वज म्हणता येईल, कारण कायम उपयोगी पडणारी परिपत्रके विषयवार लावून त्यांची सूची पुढे जोडणे हेच तिचे काम होते. तिच्यात दोन उणिवा मात्र राहिल्या. ती विषय सांगत असे, मुदत सांगत नसे. आणि नवे परिपत्रक आल्यावर जुने बाजूला काढणे पूर्णपणे लिपिकाच्या नेटकेपणावर अवलंबून होते. बदली झालेल्या लिपिकाच्या कपाटात एकाच विषयावरचे परस्परविरोधी आदेश शेजारी शेजारी सापडणे ही लेखापरीक्षणातली नवलाची गोष्ट नव्हे.

कागदांचा ओघ वाढण्याची कारणे कायद्यांच्या इतिहासात आहेत. १९६५ पूर्वी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील नगरपालिका वेगवेगळ्या कायद्यांखाली चालत. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ आल्यावर साऱ्या राज्यातील नगरपरिषदांना एकच सूचना लागू करणे शक्य झाले. त्याहून मोठा फरक ७४ व्या घटनादुरुस्तीने केला. ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि तिच्याबरोबर आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून जन्म-मृत्यू नोंदणीपर्यंत १८ विषय नोंदले गेले. नगरविकास विभाग हा मुख्य पत्रलेखक राहिलाच, पण वित्त, सामान्य प्रशासन, पर्यावरण, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि समाजकल्याण यांच्याशी संबंधित कागदही त्याच बारनिशीत येऊन पडतात.

पुढचा टप्पा २००५ चा. त्या वर्षीच्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अभिलेखांची सूची आणि निर्देशिका ठेवण्याचे बंधन घातले. त्याच वर्षाच्या राज्याच्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाने सर्वसाधारण नस्ती, म्हणजे फाइल, कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, तातडीची नस्ती शक्यतो चार दिवसांत आणि तात्काळ नस्ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली निघावी, असे ठरवले. गोषवाऱ्यातील तातडीच्या पायऱ्या या विभागणीवरून घेता येतात, पण एक फरक लक्षात ठेवावा लागतो: कायदा नस्ती किती दिवस पडून राहावी हे सांगतो, परिपत्रकातली मुदत मात्र पाठवणाऱ्याने स्वतंत्रपणे घातलेली असते.

शासन निर्णय संकेतस्थळावर येऊ लागले आणि प्रत्येकावर संगणक सांकेतांक छापला जाऊ लागला, तेव्हा वर्गवारी आपोआप होईल असे अनेकांना वाटले. सांकेतांकाचे पहिले आठ अंक दिनांकाचे असतात, त्यामुळे निर्णय शोधणे आणि तो खरा असल्याची खात्री करणे सोपे झाले, हे निश्चित. परंतु निर्णय कोणत्या विभागाने काढला याला नगरपरिषदेच्या दृष्टीने फारसे मोल नाही. काम कोणत्या शाखेला करायचे आहे, यावर सर्व अवलंबून असते. वित्त विभागाचा खरेदीविषयक निर्णय लेखा शाखेइतकाच बांधकाम शाखेचा असतो, आणि नगरविकास विभागाच्या एकाच परिपत्रकात आस्थापनेसाठी एक परिच्छेद आणि करवसुलीसाठी दुसरा असू शकतो. म्हणून गोषवाऱ्यात काढणाऱ्या विभागाचे नाव एका रकान्यात ठेवून मांडणी काम करणाऱ्या शाखेनुसार करावी लागते, आणि दोन शाखांचा कागद दोन्हीकडे, पण एकाच आवक क्रमांकाने दाखवावा लागतो.

तातडीचा प्रश्न याहून अवघड आहे. पत्राच्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘अति तात्काळ’ लिहिण्याची सवय इतकी रुजली आहे की तो शेरा आता पत्रांमध्ये फारसा भेद करत नाही. गोषवारा करणाऱ्याला पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे जावे लागते: दिनांक दिला आहे का, माहिती विहित नमुन्यात मागितली आहे का, आणि न पाठवल्यास निधी थांबणार आहे की केवळ स्मरणपत्र येणार आहे.

एक नमुना घेऊ. शासनाने एका योजनेच्या अखर्चित निधीस मुदतवाढ देणारा निर्णय काढला आणि ज्या कामांचे कार्यादेश ठरावीक दिनांकापूर्वी दिले आहेत त्यांनाच ही सवलत राहील, अशी अट चौथ्या परिच्छेदात घातली. नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने तो निर्णय जोडून उपयोगिता प्रमाणपत्रे महिन्याच्या २० तारखेपर्यंत मागवली. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेने सर्व नगरपरिषदांची माहिती एकत्र करायची असल्याने तीच १६ तारखेपर्यंत मागितली. दोन दिवसांनी जोडपत्रातील लेखाशीर्ष दुरुस्त करणारे शुद्धिपत्रक आले. बारनिशीत या चार नोंदी झाल्या, ई-मेलने आलेल्या प्रती धरल्या तर आणखी अधिक. गोषवाऱ्यात मात्र ही एकच बाब आहे: शाखा लेखा, सहकार्य बांधकाम; अखर्चित निधीस मुदतवाढ, फक्त विहित दिनांकापूर्वीच्या कार्यादेशांसाठी, परिच्छेद ४ पाहावा; उपयोगिता प्रमाणपत्र १६ तारखेपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयात; लेखाशीर्ष शुद्धिपत्रकानुसार; चारही आवक क्रमांक. ‘निधीस मुदतवाढ’ एवढेच लिहून थांबले असते, तर बांधकाम शाखेने अपात्र कामाचे देयक काढले असते आणि ती चूक पुढे लेखापरीक्षणातच उघड झाली असती.

संक्षेपात सर्वाधिक दगा देतात ते असे ‘परंतु’ने सुरू होणारे भाग आणि जोडपत्रे. त्याखालोखाल अधिक्रमण. नवा निर्णय जुना संपूर्ण रद्द करतो की त्यात केवळ भर घालतो, हे प्रस्तावनेतील ‘अधिक्रमित करून’ या शब्दांवरून आणि वरच्या संदर्भांच्या यादीवरून ठरते. म्हणून जुन्या आदेशाचा क्रमांक नोंदवण्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, आणि तो पाहून स्थायी आदेश संचिकेतील जुन्या प्रतीवर त्याच दिवशी शेरा मारावा.

आठवड्याचा अवधी सगळ्या कागदांना चालत नाही. अधिवेशनकाळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचनेवर माहिती मागवली जाते ती बहुधा त्याच दिवशी, आणि न्यायालयीन प्रकरणात शपथपत्राची तारीख कोणासाठी थांबत नाही. असे कागद हातोहात शाखेत जातात आणि गोषवाऱ्यात ते पाठवल्याची नोंद तेवढी होते. निवडणूक आचारसंहितेच्या काळातील सूचनांचेही तसेच. उरलेल्यांसाठी सोमवारी सकाळी यादी काढणे सोयीचे, कारण शुक्रवारी उशिरा आलेली पत्रेही तीत येतात आणि मुख्याधिकाऱ्यांच्या शाखाप्रमुखांबरोबरच्या बैठकीत मागील आठवड्यातील अपूर्ण बाबी नव्या यादीच्या माथ्यावर घेता येतात. गोषवाऱ्याला आदेशाचे स्थान नसते. टिप्पणीत संदर्भ द्यायचा तो मूळ परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक यांचाच, आणि त्यासाठी प्रत्येक ओळीसमोर आवक क्रमांक असणे आवश्यक ठरते.