ऊर्जा पातळ्यांमधील संख्येचे गुणोत्तर (बोल्ट्झमन गुणक)

ऊष्मीय समतोलात असलेल्या अणूंपैकी किती वरच्या ऊर्जा पातळीवर आणि किती खालच्या पातळीवर असतील, हे तापमानावरून सांगणारे गुणोत्तर. ते असे लिहितात :

N₂/N₁ = (g₂/g₁) e^(−ΔE/kT)

ΔE हा दोन पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक, T हे केल्व्हिनमधील तापमान आणि k हा बोल्ट्झमन स्थिरांक (८.६१७ × १०⁻⁵ इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रति केल्व्हिन). एकाच ऊर्जेच्या किती अवस्था त्या पातळीत आहेत, ती संख्या म्हणजे g. घातांकी पदाला बोल्ट्झमन गुणक म्हणतात. लुडविग बोल्ट्झमन यांनी १८६८ ते १८७७ या काळात केलेल्या कामात त्याचे मूळ आहे.

सोडियमचे उदाहरण मुंबईच्या कोणत्याही स्वयंपाकघरात दिसते. मीठ घातलेली डाळ उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत पिवळी होते. मिठातले सोडियमचे काही अणू ज्योतीत उत्तेजित होतात आणि मूळ पातळीवर परतताना ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतात. या दोन पातळ्यांत २.१०४ इलेक्ट्रॉन व्होल्टचे अंतर आहे. मूळ पातळीत २ अवस्था आहेत आणि वरच्या, एकमेकींना अगदी लागून असलेल्या दोन पातळ्यांत मिळून ६, म्हणून g₂/g₁ = ३. हा ३ गाळला तर उत्तर एक तृतीयांश येते. गणित करणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे.

मुंबईच्या ३० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०३ केल्व्हिनला, kT फक्त ०.०२६१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. घातांक −८०.६ येतो आणि गुणोत्तर ३ × १०⁻³⁵. सरासरी एक उत्तेजित अणू सापडण्यासाठी सुमारे १३ लाख टन सोडियम बाष्परूपात हवे. आता गॅस आणि हवेच्या ज्योतीचे तापमान २,२०० केल्व्हिन धरू. घातांक −११.१ होतो आणि गुणोत्तर ४.५ × १०⁻⁵. दहा लाख अणूंमागे ४५ उत्तेजित. तापमान सातपट झाले, तर गुणोत्तर तीस दशस्थानांनी वाढले. तरीही ज्योतीतले बहुतेक सगळे अणू खालीच आहेत, आणि जो झगझगीत पिवळा रंग दिसतो तो या मूठभर अणूंचा.

रक्तातील सोडियम मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरला हेच गुणोत्तर अडचणीत आणते. हवेचा दाब हलल्याने ज्योत १० केल्व्हिनने तापली, असे समजू. गुणोत्तरातला सापेक्ष बदल (ΔE/kT) × (ΔT/T) इतका असतो : ११.१ × १०/२,२००, म्हणजे ५ टक्के. उत्तेजित अणू ४५ वरून साधारण ४७ होतात आणि प्रकाशही त्याच प्रमाणात वाढतो. रुग्णाचे सोडियम १४० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असताना वाचन १४७ येते. नेहमीची मर्यादा १३५ ते १४५ असल्याने निरोगी माणूस कागदावर आजारी ठरतो.

यावरचा उपाय याच सूत्रातून निघतो. नमुन्यात ठरावीक प्रमाणात लिथियम मिसळतात आणि सोडियमच्या प्रकाशाला लिथियमच्या प्रकाशाने भागतात. लिथियमच्या ६७१ नॅनोमीटर रेषेसाठी अंतर १.८५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, त्यामुळे त्याच १० केल्व्हिनला त्याचा प्रकाश ४.४ टक्के वाढतो. भागाकारात उरते अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर चूक. मात्र रुग्ण लिथियमची औषधे घेत असेल, तर त्याच्या रक्तातले लिथियम या मोजमापात मिसळते. अशा वेळी सिझियम वापरणे बरे.

सूत्राची मर्यादा कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडते. न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगासाठी लागणाऱ्या कमी दाबाच्या सोडियम दिव्याची नळी जेमतेम २६० अंश सेल्सिअसला असते. ते तापमान सूत्रात घातले तर गुणोत्तर १०⁻²⁰ च्या आसपास येते आणि दिवा काळाकुट्ट असायला हवा. तो उजळतो, कारण तिथे अणूंना विद्युत विसर्गातले वेगवान इलेक्ट्रॉन उत्तेजित करतात. त्यांची ऊर्जा बाष्पाच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त असते. समतोल नाही, त्यामुळे दोन्हींना लागू पडेल असे एक T नाही.

ज्योतीत समतोल आहे की नाही हे रेषा-व्युत्क्रमाने तपासता येते. ज्योतीमागे टंगस्टनचा दिवा ठेवून वर्णपटदर्शकातून पाहतात. दिवा ज्योतीपेक्षा थंड असेल तर पिवळी रेषा उजळ दिसते, जास्त तापलेला असेल तर काळी. रेषा पार्श्वभूमीत नाहीशी झाली की दिव्याचे त्या तरंगलांबीचे तेजस्विता-तापमान हेच उत्तेजित सोडियमचे तापमान. ज्योतीच्या वरच्या भागात ते वायूच्या तापमानाशी जुळते. बुडाच्या निळ्या शंकूत, जिथे रासायनिक अभिक्रिया चालू असते, तिथे ते जुळेलच असे नाही. म्हणून मोजमापासाठी शंकूच्या वरचा भाग निवडतात.