‘नो अॅडेड शुगर’: पाकीट काय सांगतं आणि काय सांगत नाही

‘नो अॅडेड शुगर’ हे शब्द पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक छापलेले असतात, आणि आपण ते ‘यात साखर नाही’ असे वाचतो. प्रत्यक्षात हा दावा साखर किती आहे याबद्दल नसून ती कुठून आली याबद्दल आहे. साखर नसल्याचा दावा वेगळा: ‘शुगर फ्री’. तो करायचा तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. ‘नो अॅडेड शुगर’ला अशी कमाल मर्यादाच नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या नियमांत या दाव्याच्या अटी आहेत. साखर, ग्लुकोज, मध, काकवी, कॉर्न सिरप यांपैकी काहीही घातलेले नसावे. जॅम किंवा गोड चॉकलेटसारखा, ज्यात आधीच साखर आहे असा घटकही नसावा. साखरेऐवजी गोडीसाठी फळांच्या रसाचा आटवलेला अर्क किंवा सुक्या फळांची पेस्ट वापरलेली नसावी. म्हणून म्युसली बारच्या घटकयादीत ‘अॅपल ज्यूस कॉन्सन्ट्रेट’ किंवा खजुराची पेस्ट वरच्या क्रमांकावर असेल आणि पुढे ‘नो अॅडेड शुगर’ लिहिले असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. घटकयादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, त्यामुळे पहिली तीन-चार नावे सर्वांत महत्त्वाची.

फळांच्या रसाची गोष्ट मात्र निराळी. रस हाच मूळ पदार्थ असल्यामुळे त्याच्या अंगची साखर ‘घातलेली’ धरली जात नाही. समजा, सफरचंदाच्या रसाच्या २०० मिलिलिटरच्या डब्यावर १०० मिलिलिटरमागे एकूण साखर ११ ग्रॅम आणि अॅडेड शुगर ० ग्रॅम असे छापले आहे. डबा संपवला की पोटात २२ ग्रॅम साखर गेली. चहाचा चमचा ४ ग्रॅमचा धरला तर साडेपाच चमचे! तरीही दावा खरा आहे.

इथे तक्त्यातला आणखी एक बारकावा कळायला हवा. दिवसाच्या गरजेच्या किती टक्के, हे सांगणारा जो रकाना असतो, तो साखरेच्या बाबतीत फक्त अॅडेड शुगरवर मोजला जातो, दिवसाला ५० ग्रॅम धरून. त्यामुळे आपल्या डब्यावर तिथे ० टक्के दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब वेगळा आहे. घातलेल्या साखरेबरोबर फळांच्या रसातली साखरही ती ‘मुक्त साखरे’त धरते. मुक्त साखरेतून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी उष्मांक मिळावेत, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी, असे ती सांगते. २००० किलोकॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका डब्याने त्यातले जवळजवळ सगळे संपवले. अख्ख्या फळातली साखर या हिशेबात येत नाही, कारण ती पेशींच्या आवरणात आणि तंतूंमध्ये अडकलेली असते आणि सावकाश शोषली जाते. रस काढताना हे आवरण फुटते आणि तंतू बहुतेक गाळले जातात.

साध्या दह्याच्या तक्त्यातही एकूण साखरेपुढे ४-५ ग्रॅम दिसतात. ते दुधातले लॅक्टोज असते. तिथे अॅडेड शुगर शून्य असेल तर निर्धास्त घ्यावे.

साखर न घातलेली बिस्किटे मधुमेह असलेल्यांना मुद्दाम आणून दिली जातात, म्हणून त्यांचा तक्ता जरा थांबून वाचावा. समजा, १०० ग्रॅममध्ये साखर २ ग्रॅम आणि कर्बोदके ६८ ग्रॅम आहेत, आणि घटकांत मैदा पहिला, साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले माल्टिटॉल तिसरे. चार बिस्किटे म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यातून २० ग्रॅम कर्बोदके मिळतात. मैद्याचा स्टार्च पचून ग्लुकोजच होतो, आणि रक्तातली साखर चढायला ती अॅडेड असण्याची गरज नसते. माल्टिटॉल (आयएनएस ९६५) साखरेपेक्षा कमी चढवते, पण अजिबात नाही असे नाही. शिवाय जास्त खाल्ल्यास पोट फुगते, जुलाब होतात. घटकांत स्टार्चपासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन दिसले तर अधिक सावध राहावे: नियमांनुसार त्याचा बहुतेक भाग ‘साखर’ या ओळीत येत नाही, पण पचायला ते अगदी झटपट. ते फक्त कर्बोदकांच्या आकड्यात दिसते. म्हणून मधुमेहात ‘शुगर’ची ओळ पुरेशी नाही, ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचावी आणि आपण खरोखर किती खातो त्याने गुणावे. पाकिटावरचा ‘सर्व्ह’ कधी दोनच बिस्किटांचा असतो.

‘रिफाइन्ड साखर नाही’ हे शब्दही आजकाल दिसतात. तो ‘नो अॅडेड शुगर’ दावा नव्हे. त्यात गूळ किंवा मध असू शकतो, आणि गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. अशा पाकिटावर अॅडेड शुगरची ओळ पाहावी: तिथे आकडा शून्य नसेल.