गेन कमी आला: इनपुटचे लोडिंग की अपुरा बायपास?

कॉमन-एमिटर ॲम्प्लिफायरच्या प्रयोगात मोजलेला गेन गणितापेक्षा कमी आला की अहवालाच्या चर्चेत बहुधा ‘लोडिंगमुळे व बायपास कपॅसिटरमुळे’ असे एकाच दमात लिहिले जाते. ही दोन कारणे मात्र मुळातच वेगळी आहेत. लोडिंगमध्ये ट्रान्झिस्टर आपले काम पूर्ण करतो, पण त्याच्यापर्यंत सिग्नलच कमी पोहोचतो. अपुऱ्या बायपासमध्ये सिग्नल पूर्ण पोहोचतो आणि ट्रान्झिस्टरचा स्वतःचा गेन घटतो.

कलेक्टर प्रवाह १ मिलिअँपिअर आणि कलेक्टरचा रोध ४.७ किलोओहम असेल, तर एमिटरचा अंतर्गत रोध सुमारे २६ ओहम येतो आणि आउटपुटला भार जोडलेला नसताना अपेक्षित गेन ४७०० भागिले २६, म्हणजे सुमारे १८१ असतो.

आता जनरेटरचा अंतर्गत रोध ६०० ओहम आहे असे समजू. बीटा १५० आणि बायसचे रोध ४७ व १० किलोओहम धरले, तर इनपुट रोध सुमारे २.६५ किलोओहम भरतो. त्यामुळे भार नसताना १० मिलिव्होल्ट देणाऱ्या जनरेटरकडून बेसवर ८.१५ मिलिव्होल्टच येतात, आणि जनरेटरच्या आकड्याने भागून काढलेला गेन १४७ दिसतो. ‘बीटा कमी असल्यामुळे गेन घटला’ हे विधान याच वाटेने खरे ठरू शकते, कारण बेसपासून मोजलेल्या गेनवर बीटाचा परिणाम जवळजवळ होत नाही.

दुसऱ्या मांडणीत जनरेटरचा रोध ५० ओहम, पण एमिटरचा कपॅसिटर १०० ऐवजी १० मायक्रोफॅरडचा आहे. १ किलोहर्ट्झला त्याची प्रतिक्रिया सुमारे १६ ओहम असते. ती २६ ओहममध्ये सरळ मिळवायची नसते. वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने सुमारे ३०.५ ओहम येतात आणि गेन १५४ वर उतरतो. केवळ गेनचा आकडा पाहून या दोन मांडण्या ओळखता येणार नाहीत.

म्हणून ऑसिलोस्कोपचा एक प्रोब जनरेटरवर न ठेवता थेट बेसवर आणि दुसरा कलेक्टरवर ठेवावा. गुणोत्तर १८० च्या आसपास आले तर घट लोडिंगची आहे. १५४ च्या आसपासच राहिले तर बायपासकडे पाहावे. माझ्या मते याहून बोलकी खूण फेजची आहे: लोडिंगमध्ये बेस आणि कलेक्टरच्या तरंगांतला फरक १८० अंशच राहतो, तर अपुऱ्या बायपासमध्ये तो सुमारे ३१ अंशांनी ढळलेला पडद्यावर स्पष्ट दिसतो.

वारंवारता १० किलोहर्ट्झ केल्यावर बायपासची घट जवळजवळ भरून निघते, लोडिंगची निघत नाही. मात्र बायपास सुधारताच ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध थोडा उतरतो आणि ६०० ओहमच्या जनरेटरवर बेसचा सिग्नलही किंचित घटतो, त्यामुळे प्रत्येक वारंवारतेला बेसचे व्होल्टेज नव्याने मोजून कोष्टकात वेगळ्या रकान्यात लिहावे.