घोट्याच्या मुरगळीनंतरचे पुनर्वसन (शालेय खेळाडू)

पाऊल आत वळून घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले गेल्यावर खेळाडूला विश्रांतीपासून पुन्हा सामन्यापर्यंत नेणारा उपचारक्रम. इजा बहुधा बाहेरच्या घोट्याच्या पुढील अस्थिबंधाला होते.

घोट्याचे हाड टोकाशी किंवा मागच्या कडेने 6 सेंमी. वरपर्यंत दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर आधी क्ष-किरण तपासणी करतात. मुलांमध्ये क्ष-किरणात काही न दिसताही हाडाच्या वाढपट्टीवर दुखले, तर पूर्वी तेथे अस्थिभंग गृहीत धरत. एमआरआयवरील अभ्यासांत अशा बहुतेक मुलांची इजा अस्थिबंधाचीच आढळल्याने हे गृहीतक आता मागे पडले आहे.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी क्रीडावैद्यक डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडली. पुढे त्यांनीच बर्फ व पूर्ण विश्रांतीचा आग्रह सोडला. आता पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर सोसेल तेवढा भार देणे पसंत केले जाते. मात्र लंगडणे थांबेपर्यंत कुबडी सोडू नये.

तोल सांभाळण्याच्या व्यायामांमागील कारणाबद्दल मतभेद आहेत. फ्रीमन व सहकाऱ्यांच्या मते (1965) अस्थिबंधाबरोबर त्यातील संवेदी मज्जातंतूही तुटतात, त्यामुळे पाऊल कसे पडते आहे हे सांध्याला उमगत नाही. परंतु नंतरच्या प्रयोगांत अस्थिबंध बधिर करूनही तोल फारसा ढळला नाही. शिवाय काही रुग्णांत न दुखावलेल्या पायाचा तोलही कमी भरतो. त्यामुळे दोष केवळ सांध्यात नसून मेंदू व मज्जारज्जूकडून होणाऱ्या नियंत्रणातही असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. व्यायामांची उपयुक्तता मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे.

उदाहरणार्थ, व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरलेली चौदा वर्षांची मुलगी. सरळ चालता येऊ लागल्यावर ती टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवते आणि अंगठा भिंतीपासून किती दूर राहतो ते दोन्ही पायांचे मोजते. दुखऱ्या पायाचे अंतर कमी भरले, तर घोटा अजून आखडलेला आहे. अशा वेळी उड्या सुरू केल्यास उतरताना पाऊल बाहेर फिरते. मग एका पायावर 30 सेकंद, तीन वेळा उभे राहणे: आधी डोळे उघडे, मग मिटून, नंतर मऊ उशीवर, शेवटी चेंडू झेलत. कंबर एका बाजूला कलणे किंवा अंगठा जमिनीवरून सुटणे म्हणजे पायरी घाईने बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, तर एक पायरी मागे यावे.

एका पायावर टाच उचलणे, पुढे व आडवी उडी आणि अचानक दिशा बदलणे हे सगळे दुसऱ्या पायाइतके व न दुखता जमले, की आधी पूर्ण सराव, मग सामना. केवळ दिवस मोजून परवानगी देऊ नये, कारण तोल परत येण्याच्या कितीतरी आधी दुखणे जाते. परतल्यावरही घोट्याचा पट्टा व तोलाचे व्यायाम हंगामभर चालू ठेवतात.