‘मी’ची जागा कोण घेते? मराठी निवेदनातील अप्रत्यक्ष कथन

‘विनायक म्हणाला की मी येणार नाही.’ या वाक्यात न येणारा माणूस कोण, हे वाक्यावरून ठरत नाही. विनायकाने स्वतःविषयी सांगितले असेल, किंवा गोष्ट सांगणाऱ्या निवेदकाविषयी परस्पर जाहीर केले असेल. मराठीत दोन्ही अर्थ व्याकरणशुद्ध आहेत. ‘की’ नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची मुभा मराठी देते आणि बोलताना आपण तिचा सर्रास वापर करतो, कारण आवाजाच्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला ‘मी’ कोणाचा ते कळते. लिहिताना अवतरणचिन्हे काढली की तो आधार जातो. म्हणून संवादाचे निवेदनात रूपांतर करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो सर्वनामाचा.

इंग्रजीच्या तासाला शिकलेला सरळ उपाय म्हणजे ‘मी’च्या जागी ‘तो’ घालणे. ‘विनायक म्हणाला की तो येणार नाही.’ गुंता मात्र संपत नाही, तो फक्त जागा बदलतो. आता ‘तो’ म्हणजे विनायक, की आधीच्या वाक्यात ज्याचा विषय निघाला होता तो श्रीधर? दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया असलेल्या कुठल्याही प्रसंगात ही अडचण येते. मराठीने यावर स्वतःचा तोडगा फार पूर्वीपासून काढलेला आहे, तो म्हणजे ‘आपण’. ‘आपण येणार नाही, असे विनायकाने सांगितले.’ येथे न येणारा विनायकच. श्रीधराचा प्रश्नच उरत नाही.

ज्याचे बोलणे किंवा विचार सांगितला जात आहे त्याच्याकडेच बोट दाखवणारे असे सर्वनाम जगातल्या थोड्याच भाषांत आढळते. आफ्रिकेतील काही भाषांचा अभ्यास करताना क्लोद हाजेज या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1974 मध्ये अशा सर्वनामांना ‘लोगोफोरिक’ हे नाव दिले. घाना आणि टोगो या देशांत बोलल्या जाणाऱ्या एवे भाषेत त्यासाठी ‘ये’ हे वेगळे सर्वनामच आहे: ‘कोफी म्हणाला, ये गेला’ या घाटाच्या वाक्यात गेलेला माणूस कोफीच असतो, आणि दुसरा कोणी गेला असेल तर सर्वनाम बदलावे लागते. मराठीचा ‘आपण’ हे काम करतो, पण एवेच्या ‘ये’सारखा तो त्या एकाच कामासाठी राखून ठेवलेला नाही. ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘आपण’ (‘आपण उद्या निघू’) आणि आदरार्थी ‘आपण’ (‘आपण बसावे’) हेही त्याच रूपात वावरतात. लिहिणाऱ्याची खरी कसोटी या तिघांना वेगळे ठेवण्यात आहे.

यात क्रियापद बरीच मदत करते. ‘आपण निर्दोष आहात, असे वकिलांनी सांगितले’ यात आदरार्थी ‘आपण’ आहे, कारण ‘आहात’ हे द्वितीय पुरुषाचे रूप आहे. ‘आपण निर्दोष आहोत, असे वकिलांनी सांगितले’ म्हटले की वकील स्वतःविषयी बोलत आहेत, किंवा स्वतःला आणि अशिलाला एकत्र धरून. भूतकाळातले सकर्मक क्रियापद आले की हा आधार सुटतो. ‘आपण ते पत्र वाचले’ यात क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, वाचणाऱ्याप्रमाणे नाही, त्यामुळे तिन्ही अर्थ एकाच रूपात येऊन बसतात. बोलीत आदरार्थी अर्थासाठी ‘वाचलेत’ असा ‘त’ लागतो, म्हणून तो एक अर्थ वेगळा काढता येतो. उरलेल्या दोनांसाठी ‘स्वतः’ची जोड द्यावी, किंवा नाव घालावे.

आता एक छोटा संवाद घेऊन रूपांतर प्रत्यक्ष करून पाहू. शेजारच्या दारात उभी राहून वसुधा म्हणते: “काका, मी काल तुमच्याकडे येऊन गेले, पण तुम्ही घरी नव्हतात. माझा दाखला तुमच्याकडेच राहिला आहे. उद्या शाळेत द्यायचा आहे, तेवढा शोधून ठेवाल का?”

घाईत केलेले रूपांतर बहुधा असे होते: ‘वसुधा काकांना म्हणाली की ती काल त्यांच्याकडे येऊन गेली होती, पण ते घरी नव्हते. तिचा दाखला त्यांच्याकडेच राहिला होता. उद्या तो शाळेत द्यायचा होता.’ वाचायला हे वावगे वाटत नाही, आणि म्हणूनच त्यातले दोष निसटतात.

सर्वात मोठा दोष काळाचा आहे. मूळ वाक्यात ‘राहिला आहे’ आहे. ‘म्हणाली’ हे क्रियापद भूतकाळी आहे म्हणून इंग्रजीच्या नियमाने आतले क्रियापदही मागे ढकलले गेले. मराठीत तसा नियम नाही. मराठीत सांगितलेल्या वाक्याचा काळ बोलणाऱ्याच्या क्षणापासून मोजला जातो, निवेदकाच्या क्षणापासून नाही. ‘आजारी आहे असे तो म्हणाला’ म्हणजे बोलताना तो आजारी होता. ‘आजारी होतो असे तो म्हणाला’ म्हणजे बोलण्याच्या आधीच कधीतरी आजारी होता आणि बोलताना कदाचित बरा असेल. त्यामुळे ‘दाखला राहिला होता’ असे लिहिले की दाखला मधल्या काळात मिळाला असावा असा सूर उमटतो आणि वसुधाची सारी निकड नाहीशी होते. इंग्रजीतून घाईने उतरवलेल्या बातम्यांत हा दोष सर्वाधिक दिसतो. तो ओळखायची खूणही सोपी आहे: वाक्य परत अवतरणचिन्हांत घालून पाहावे, आणि बोलणाऱ्याने खरोखर ‘होता’ म्हटले असते का, ते विचारावे.

दुसरा दोष दिवसांचा आहे. क्रियापदाचा काळ बोलणाऱ्याच्या क्षणाशी बांधलेला राहतो, पण ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द अवतरणाबाहेर आले की वाचक ते निवेदकाच्या आजपासून मोजू लागतो. म्हणून गोष्ट जुन्या प्रसंगाची असेल तर ‘आदल्या दिवशी’ आणि ‘दुसऱ्या दिवशी’ करणे भाग आहे. ‘परवा’ हा शब्द तर मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस दाखवतो. तो जसाच्या तसा ठेवणे कधीच सुरक्षित नाही. येणे-जाणे यांचाही विचार येथेच करावा लागतो. निवेदन काकांच्या घरात उभे असेल तर ‘येऊन गेलो’ राहील. ते वसुधाबरोबर तिच्या घरी परतले असेल तर ‘जाऊन आलो’ होईल.

मग सर्वनामे. ‘तुम्ही नव्हतात’ मधला ‘तुम्ही’ गेला की क्रियापदाच्या शेवटचा ‘त’ही गेला पाहिजे: ‘काका घरी नव्हते’. उलट दिशेने, ‘मी’ किंवा ‘तू’ बदलून तृतीय पुरुष आणला की भूतकाळात ‘ने’ डोके वर काढतो. ‘मी पत्र वाचले’ याचे ‘त्याने पत्र वाचले’ होते, पण ‘मी विसरलो’ याचे ‘तो विसरला’ होते, ‘त्याने विसरले’ नव्हे. ‘आपण’ला ‘ने’ लागतच नाही, हा त्याचा आणखी एक सोयीचा गुण.

सुधारलेले रूप असे होते: ‘आपण आदल्या दिवशी येऊन गेलो, पण काका घरी नव्हते, असे वसुधाने सांगितले. आपला दाखला त्यांच्याकडेच राहिला आहे आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत द्यायचा आहे, तेव्हा त्यांनी तेवढा शोधून ठेवावा, अशी विनंती तिने केली.’

यात एक किंमत मोजावी लागली आहे. मूळ वाक्यात वसुधाने ‘येऊन गेले’ म्हटले होते; त्या ‘गेले’मध्ये बोलणारी स्त्री आहे हे कळत होते. ‘आपण’ प्रथम पुरुषी अनेकवचन घेतो, म्हणून ‘गेलो’ झाले आणि लिंग पुसले गेले. काही जण ‘आपण येऊन गेले’ असे लिहितात, पण ते कानाला खटकते आणि मला तरी ते टाळावेसे वाटते. नाव जवळच असेल तर लिंग गमावल्याने काही बिघडत नाही. ‘आम्ही हरलो’ याचे रूपांतरही ‘आपण हरलो’ असेच होते, तेथे वचन हरवते. एकटा कर्णधार बोलतो आहे की सारा संघ, हे मग ‘असे तो म्हणाला’ किंवा ‘असे ते म्हणाले’ यावरून कळते, आणि कर्णधाराला आदरार्थी ‘ते’ लावला असेल तर तेही कळत नाही.

‘आपला’ मात्र जपून वापरावा. ‘श्रीधरने आपले पैसे नेले, असे विनायकाने सांगितले’ यातले पैसे कोणाचे? श्रीधर आतल्या वाक्याचा कर्ता आहे आणि विनायक बोलणारा आहे. दोघांचाही ‘आपले’वर हक्क आहे. पैसे श्रीधरचेच असतील तर ‘स्वतःचे पैसे’ लिहावे. विनायकाचे असतील तर वाक्य मोडून ‘पैसे आपले होते आणि ते श्रीधरने नेले’ असे करणे बरे.

सुराचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘ठेवाल का?’ या प्रश्नार्थक रूपात वसुधाची नम्रता होती; ‘ठेवावा’ हे रूप आज्ञा, विनंती आणि सूचना या तिन्हींना चालते. ‘ये’, ‘या’ आणि ‘यावे’ या तिन्ही रूपांचे अप्रत्यक्ष कथनात ‘यावे’च होते, आणि ‘येऊ नकोस’ व ‘येऊ नका’ दोन्हींचे ‘येऊ नये’. म्हणजे तू-तुम्हीमधला फरक आतल्या वाक्यातून निघून जातो आणि त्याची भरपाई बाहेरच्या शब्दाला करावी लागते. येथे मराठीची एक सोय कामी येते: ‘असे’ हा शब्द पुढच्या नामाप्रमाणे बदलतो, म्हणून अशी विनंती, असा हट्ट, असे उत्तर, अशी तक्रार, असा इशारा यांपैकी नेमके नाम निवडून सूर पोहोचवता येतो. नाम नको असेल तर बजावणे, विनवणे, दटावणे, पुटपुटणे ही क्रियापदे आहेत. ‘अहो’, ‘अगं’, ‘बरं का’ ही संबोधने आणि लकबी गळतातच; पण ‘तेवढा’सारखा छोटा शब्द तग धरतो, आणि वरच्या वाक्यात वसुधाचा संकोच त्यानेच जपला आहे.

लांब वाक्यात ‘असे’ला एक मर्यादा आहे. ते शेवटी येते, त्यामुळे तोपर्यंत वाचकाला हे कोणाचे म्हणणे आहे ते ठाऊक नसते. ‘पाणीपुरवठा योजनेतील सारा पैसा ठेकेदाराने लाटला आणि गावकऱ्यांना टँकरवर सोडून दिले, असा आरोप सदस्यांनी केला’ हे वाक्य अर्ध्यावर वाचणाऱ्याला निवेदकाचेच मत वाटते. ‘की’ बोलणाऱ्याला पुढे आणते, पण त्याचा अंमल पूर्णविरामापाशी संपतो. पुढचे वाक्य कोणाचे, हे पुन्हा सांगावे लागते. म्हणून एका बोलणाऱ्याचे तीन-चार विधानांचे म्हणणे असेल तर पहिल्यात ‘की’, मधल्यांत ‘त्यांच्या मते’, आणि शेवटच्यात ‘असे’ अशी मांडणी सर्वात सुरक्षित ठरते. निवेदकाला जबाबदारी मुळीच घ्यायची नसेल, तर मराठीत ‘म्हणे’ आहे: ‘ठेकेदाराने पैसा लाटला म्हणे.’ मात्र ‘म्हणे’मध्ये बोलणाऱ्याचे नावच राहत नाही आणि निवेदकाची शंका किंवा थट्टा आपोआप डोकावते, त्यामुळे साक्ष, इतिवृत्त किंवा बातमी यांत त्याला जागा नाही.